कॅमेऱ्याला मन दिसत नाही

(बुलढाणा येथे लघुपट करू पाहणाऱ्या तरुण-तरुणींसमोर केलेल्या भाषणाचा हा संपादित मजकूर.)



मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. दिवसभर कोड लिहितो आणि उरलेल्या वेळात पटकथा लिहितो, दुसऱ्यांच्या वाचतोही. आज संवादांवर बोलणार नाही. संवाद आपल्याकडे बरे लिहिले जातात, कारण बोलणं आपल्या कानावर असतं. मला बोलायचंय ते दोन संवादांच्या मधल्या ओळींवर. म्हणजे कोण कुठे आहे, काय करतोय, काय दिसतंय, हे सांगणाऱ्या वर्णनाच्या ओळी. इंग्रजीत त्यांना ॲक्शन लाइन म्हणतात. आपण कृतीची ओळ म्हणू.

या ओळीचा नियम एका वाक्यात सांगता येतो. पडद्यावर जे दिसेल आणि ऐकू येईल तेवढंच, वर्तमानकाळात लिहायचं. पात्राला काय वाटतं, काय आठवतं, काय माहीत आहे, हे लिहायचं नाही. नियम सोपा आहे, पण पाळताना भल्याभल्यांची दमछाक होते.

त्याचं एक कारण आपलं वाचन. आपण कथा-कादंबऱ्या वाचत वाढलो. कथेत लेखक पात्राच्या डोक्यात शिरू शकतो. ‘तिला एकदम पोरकं वाटलं’ असं लिहिलं की काम झालं. वाचक ते वाक्य वाचतो आणि त्याला ते पोरकेपण मिळतं. पटकथेचं वाक्य मात्र प्रेक्षक कधीच वाचत नाही. ते वाचतात दिग्दर्शक, कॅमेरामन, नट आणि सामान जमवणारा मुलगा. ‘पोरकं वाटलं’ हे वाचून कॅमेरा कुठे ठेवायचा आणि बाजारातून काय आणायचं, हे त्यातल्या एकालाही कळत नाही.

चांगला सिनेमा हे कसं करतो ते आधी पाहू. नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. 2014 मध्ये तो महाराष्ट्रात प्रदर्शित झाला. त्यातला एक प्रसंग आठवा. जब्याचं कुटुंब शाळेच्या परिसरात डुकरं पकडतंय. गावातले लोक बघतायत, हसतायत. जब्या लपायला बघतोय, कारण त्याच्या वर्गातली मुलं तिथेच आहेत आणि त्याला आवडणारी शालूही. मोठ्या कष्टाने डुक्कर टप्प्यात येतं आणि तेवढ्यात शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं. हे कुटुंब जागच्या जागी स्तब्ध उभं राहतं. डुक्कर त्यांच्या समोरून निघून जातं. राष्ट्रगीत संपतं आणि पुन्हा धावाधाव सुरू होते.

मी त्याची छापील पटकथा पाहिलेली नाही. पडद्यावर जे दिसतं त्यावरून बोलतोय. या प्रसंगात काय काय आहे? राष्ट्राबद्दलचा आदर आहे, राष्ट्राने या कुटुंबाला कुठे उभं केलंय तेही आहे, लाज आहे आणि वर एक कडवट विनोद आहे. नवशिक्या लेखकाने लिहिलं असतं, ‘ज्या देशाचा ते मान ठेवतात त्याच देशात त्यांना मान नाही, या विचाराने जब्या व्यथित होतो.’ असं वाक्य चित्रित करता येत नाही. उलट ‘शाळेतून राष्ट्रगीत. सगळे थांबतात. डुक्कर निघून जातं’ या तीन छोट्या वाक्यांत सगळं येतं, आणि प्रत्येक वाक्य कॅमेऱ्यासमोर उभं करता येतं. विचार प्रेक्षकाच्या डोक्यात तयार होतो. लेखकाने त्यासाठी फक्त वस्तू, माणसं आणि क्रम पुरवला.

यात एक गोष्ट लक्षात घ्या. राष्ट्रगीत दिसत नाही, ते ऐकू येतं. ‘कॅमेऱ्याला दिसेल ते’ म्हणताना माइकला ऐकू येईल तेही धरायचं. कुकरची शिट्टी, एसटीचा हॉर्न, शेजारच्या घरातला टीव्ही, हे सगळं कृतीच्या ओळीत चालतं.

आता आपण एक प्रसंग सुरुवातीपासून बांधून पाहू. जागा आपल्याच जिल्ह्यातली, चिखली. पात्रं काल्पनिक आहेत. रहीम हा पन्नाशीचा माणूस शेतीपंपांच्या मोटारी वाइंडिंग करतो. त्याची धाकटी मुलगी रुखसाना. तिला नर्सिंगला प्रवेश मिळालाय. मोठ्या मुलीचं लग्न ठरलंय. पहिला खर्डा बहुतेक जण असा लिहितात:

‘रुखसाना (19) स्वयंपाकघरात उभी आहे. तिला आज नर्सिंगच्या प्रवेशाचं पत्र मिळालंय. उद्या फी भरायची शेवटची तारीख आहे. पण अब्बांनी आपाच्या लग्नासाठी वर्षभर पैसे साठवलेत, हे तिला माहीत आहे. तिला अपराधी वाटतं. अब्बांचं तिच्यावर खूप प्रेम आहे, पण ते परिस्थितीपुढे हतबल आहेत. ती पत्राबद्दल काहीच न बोलायचं ठरवते.’

वाचायला हे ठीक वाटतं. आता याच्यावर एक चाचणी लावा. हातात मोबाइल घेऊन उभ्या असलेल्या मित्राला एकेक वाक्य वाचून दाखवा आणि सांगा, ‘याचा व्हिडिओ काढ.’ पहिलं वाक्य तो काढेल. मग थांबेल. पत्र ‘आज मिळालं’ हे कसं काढायचं? ‘वर्षभर साठवले’ हे कसं काढायचं? ‘माहीत आहे’, ‘वाटतं’, ‘प्रेम आहे’, ‘ठरवते’ यांचं काय करायचं? सात वाक्यांपैकी एकच वाक्य चित्रित झालं. बाकीची सहा चूक नाहीत. ती लेखकाने स्वतःसाठी केलेली टिपणं आहेत. ती वेगळ्या वहीत ठेवा आणि एकेकाला विचारा, ‘तू दिसणार कशात?’

पत्रापासून सुरुवात करू. पत्र ही वस्तू आहे, ती दिसते. पण पडद्यावर प्रेक्षक कागद वाचत बसत नाही. त्याला दोन-तीन सेकंदांत एखादी ओळ किंवा एखादा आकडा वाचता येतो. म्हणून आपण फक्त फीचा आकडा दाखवू, 18,500. ‘उद्या शेवटची तारीख’ ही ओळ इथे कोंबायची नाही. आधीच्या प्रसंगात एसटी स्टँडवर तिची मैत्रीण म्हणू शकते, ‘कल लास्ट है.’ एखादी माहिती एका प्रसंगात बसत नसेल तर ती बहुतेक वेळा दुसऱ्या प्रसंगाची असते.

मग लग्नाचे पैसे. पैशांवर नाव लिहिलेलं नसतं. पण नोटांच्या गठ्ठ्याखाली लग्नपत्रिकेचा नमुना ठेवला, तर ते पैसे कशाचे हे विचारावं लागत नाही. ‘वर्षभर साठवले’ हेही दिसू शकतं. सगळ्या कोऱ्या पाचशेच्या नोटा नकोत. दहा, वीस, पन्नासच्याही असू द्या, मळक्या, रबर लावलेल्या.

‘तिला माहीत आहे’ याचं भाषांतर नेहमी नजरेत होतं. ती काय बघते ते दाखवा. बघितलं म्हणजे कळलं.

‘अपराधी वाटतं’ हे सगळ्यात अवघड, आणि इथेच लोक रडारड करतात. डोळ्यांत पाणी आणायचा मोह टाळा. ती बघितल्यानंतर काय करते? हातातलं पत्र घडी घालते. बस. अपराध की निराशा की समजूतदारपणा, हे नटीला आणि प्रेक्षकाला ठरवू द्या.

आणि ‘न बोलायचं ठरवते’. न बोलणं तेव्हाच दिसतं जेव्हा आधी बोलायची तयारी दिसते. ती पत्र घेऊन अब्बांकडे निघाली पाहिजे. तोंड उघडलं पाहिजे. आणि तोंडातून दुसरंच काही बाहेर पडलं पाहिजे.

आता हे पानावर कसं येतं ते बघा. मी ‘फाउंटन’ या पद्धतीने लिहितो. ही साध्या मजकुराची पद्धत आहे, फुकट आहे, मोबाइलच्या नोटपॅडमध्येही लिहिता येते. फक्त एक अडचण आहे. इंग्रजीत दृश्याचं शीर्षक `INT.` किंवा `EXT.` ने सुरू होतं आणि पात्राचं नाव मोठ्या लिपीत असतं, त्यावरून सॉफ्टवेअर ओळखतं. देवनागरीत मोठी-लहान लिपी नाही. म्हणून शीर्षकाआधी टिंब आणि पात्राच्या नावाआधी `@` द्यायचं. पात्राच्या नावाखालचा संवाद सोडला, तर ज्याला कुठलीच खूण नाही ते सगळं कृती म्हणून धरलं जातं.

```
.आत. रहीमचं घर, चिखली - रात्र

मांडणीजवळ रुखसाना (19). हातात उघडं पत्र.
छापील ओळीवर बोट: फी 18,500.

ती पत्र घेऊन बाहेरच्या खोलीत येते. दुसऱ्या हातात चहा.

खाटेवर रहीम (50) नोटा मोजतोय. बोटं वार्निशने काळी.
रबर लावलेले गठ्ठे. त्यांच्याखाली लग्नपत्रिकेचा नमुना.

रुखसाना पत्रिकेकडे बघते. पत्र मुठीत घडी होतं.

रहीम वर बघतो.

@रुखसाना
अब्बा... चाय.
```

इथे ‘क्लोज-अप’ हा शब्द कुठेच नाही. तरी ‘बोटं वार्निशने काळी’ वाचताना तुम्ही जवळून बघता आणि ‘बाहेरच्या खोलीत येते’ वाचताना लांबून. कॅमेरा कुठे ठेवायचा हे दिग्दर्शकाला सांगायची गरज पडली नाही, वाक्यातल्या वस्तूनेच ते सांगितलं. नवा परिच्छेद म्हणजे साधारण नवी नजर. ‘रहीम वर बघतो’ ही ओळ एकटी ठेवली, कारण तिथे मला क्षणभर थांबायचंय. जे महत्त्वाचं, त्याला पानावर मोकळी जागा द्या.

एक वाक्य अजून राहिलं. ‘अब्बांचं तिच्यावर प्रेम आहे, पण ते हतबल आहेत.’ हे दाखवायला रहीम एकटा लागेल. पत्र त्याच्या हाती पडलं पाहिजे. समजा रुखसानाने ते साखरेच्या डब्याखाली सरकवलंय.

```
रात्र उलटून गेलेली. रहीम साखरेचा डबा उचलतो.
खाली घडी घातलेला कागद. तो उघडतो.

खाटेवर येतो. एका गठ्ठ्याचं रबर काढतो.
पत्रावर एकेक पाचशेची नोट ठेवत जातो.

@रहीम
पैंतीस... छत्तीस... सैंतीस.

थांबतो. लग्नपत्रिकेकडे बघतो.
दोन नोटा उचलतो. परत गठ्ठ्यात ठेवतो.
```

प्रेक्षक सदतीस गुणिले पाचशे करत बसणार नाही. त्याला हिशेब नको असतो. त्याला दिसतं की बापाने पूर्ण रक्कम ठेवली आणि मग दोन नोटा परत घेतल्या. ‘प्रेम’ आणि ‘हतबल’ हे दोन्ही शब्द त्या दोन नोटांत आहेत. शिवाय आता एक प्रश्नही उभा राहिला: ते हजार रुपये रुखसाना कुठून आणणार? ‘ते हतबल आहेत’ या वाक्याने पुढचा प्रसंग दिला नसता. या कृतीने दिला.

आता थोडं चुकांबद्दल. माझ्या धंद्यातली एक सवय इथे कामाला येते. खर्डा संपला की मी फाइलमध्ये ठरावीक शब्द शोधतो:

```
grep -nE 'वाट|आठव|जाणव|कळ|ठरव|मनात' katha.fountain
```

यात ‘वाटी’ आणि ‘मोकळा’सुद्धा सापडतात, ते सोडून द्या. संवादात आलेले शब्दही सोडा. पात्र तोंडाने ‘मला वाटतं’ म्हणू शकतं, कारण ते ऐकू येतं. पण कृतीच्या ओळीत ‘वाटतं’, ‘आठवतं’, ‘जाणवतं’ सापडलं की तिथे थांबायचं. ‘वाट पाहते’ हेही तपासा. ती वाट पाहतेय हे मला कशावरून दिसतं? ताटावर झाकण आहे? उंबऱ्यात चपलांची एक जागा रिकामी आहे? या शोधात न सापडणारेही दोन चोर आहेत: ‘नेहमीप्रमाणे’ आणि ‘बऱ्याच दिवसांनी’. कॅमेऱ्याला फक्त आत्ताचा क्षण दिसतो. ‘नेहमी’ दाखवायचं तर तीच गोष्ट दोनदा घडावी लागते.

दुसरी चूक उलट्या बाजूची. नियम कळला की काही जण प्रत्येक हालचाल लिहू लागतात. ती पेला उचलते, तोंडाला लावते, घोट घेते, पेला ठेवते, ओढणी सारखी करते. हे सगळं दिसतं खरं, पण त्यातून काहीच कळत नाही. नटीचा श्वास मात्र कोंडतो. कृतीची ओळ तेव्हाच ठेवा जेव्हा ती काढल्यावर प्रसंगाचा अर्थ बदलतो. चहा पिणं काढलं तर काही बदलत नाही. दोन नोटा परत घेणं काढलं तर प्रसंगच कोसळतो.

आणि नियमाला मर्यादाही आहे. ‘ती दचकते’, ‘तो चिडून उठतो’ हे चालतं, कारण दचकणं आणि चिडणं अंगावर दिसतं. भावनेचा शब्दच वर्ज्य, असं नाही. बाहेरून न दिसणारी भावना वर्ज्य. तसंच, इंग्रजी पटकथेत कुरिअर 12 पॉइंटमध्ये एक पान म्हणजे साधारण एक मिनिट असं धरतात. देवनागरी टंकाला तो हिशेब लावू नका. हातात घड्याळ घेऊन प्रसंग मोठ्याने वाचा, कृतीच्या ओळी मनात घडू द्या, मग मिनिटं मोजा.

शेवटचा मुद्दा आपल्याशी जास्त जवळचा आहे. मनातल्या भावनांसारखंच आणखी एक न दिसणारं वाक्य पटकथांत सर्रास सापडतं. ‘एक मुस्लिम घर.’ किंवा ‘मुस्लिम मोहल्ला.’ आपली मुलंसुद्धा असंच लिहितात. विचार करा, कॅमेऱ्याला ‘मुस्लिम’ दिसतं का? नाही. तो शब्द आहे, वस्तू नाही. मग सामान जमवणारा माणूस काय करेल? त्याच्या डोक्यात आधीच असलेलं चित्र आणेल. हिरवी भिंत, जाळीची टोपी, डोळ्यांत सुरमा, दारात बकरी. मागून अजान. त्याला दोष देऊन उपयोग नाही. पानावर रिकामी जागा होती, ती त्याने तयार मालाने भरली. ‘तिला दुःख होतं’ असं लिहिल्यावर ग्लिसरीन येतं, तसंच हे.

उपाय तोच. रहीमच्या घरात खरंच काय आहे ते लिहा. निळा पाण्याचा ड्रम, कारण नळ रोज येत नाही. कोपऱ्यात उघडी पडलेली मोटार आणि तांब्याच्या तारेचं रीळ. कृषी सेवा केंद्राचं कॅलेंडर. कूलरवर वाळत घातलेली शाळेची चड्डी. भिंतीवर आयत असेल तर तीही लिहा, ती आहे म्हणून, खूण म्हणून नाही. एवढं लिहिलंत की हिरव्या भिंतीला शिरायला जागाच राहत नाही.

याचं मोठं उदाहरण ‘गर्म हवा’ आहे. एम. एस. सथ्यू यांचा हा सिनेमा 1973 सालचा. पटकथा कैफी आझमी आणि शमा झैदी यांची, इस्मत चुगताई यांच्या अप्रकाशित कथेवर आधारलेली. फाळणीनंतर आग्र्यातलं एक कुटुंब. हवेली सोडायची वेळ येते तेव्हा म्हातारी आई लपून बसते आणि तिला शोधून उचलून न्यावं लागतं. पुढे शेवटच्या घटकेला तिला पालखीतून त्याच हवेलीत आणतात. ‘मुसलमानांचं या मातीवर प्रेम आहे’ असं तिथे कुणी सिद्ध करत बसत नाही. एक म्हातारी दिसते, जिला तिच्या घरातून हलायचं नाही. त्यावर कोण काय वाद घालणार?

तर आज घरी जाऊन एवढंच करा. तुमच्या खर्ड्यातला एक प्रसंग घ्या. संवाद सगळे झाकून टाका. उरलेल्या ओळी अशा माणसाला वाचून दाखवा ज्याला गोष्ट माहीत नाही, आणि त्याला विचारा, ‘इथे काय चाललंय? कुणाला काय हवंय?’ त्याने बरोबर सांगितलं तर प्रसंग उभा आहे. त्याने ‘मला नाही समजलं’ म्हटलं तर त्याला समजावू नका. सिनेमा लागल्यावर प्रत्येक प्रेक्षकाशेजारी बसून तुम्ही समजावणार नाही. वही उघडा आणि रहीमच्या त्या दोन नोटांसारखं काहीतरी शोधा.